टेबलच्या फोटोतून एकच बाउल कापायचाय? इरेझर उचलायच्या आधी एवढं बघून घ्या

मेन्यूसाठी म्हणून जो फोटो हातात येतो तो नव्वद टक्के वेळा अख्ख्या टेबलाचा असतो, म्हणजे चार प्लेटा, ग्लास, काटे-चमचे, नॅपकिन, आणि मधे कुठेतरी आपल्याला हवा असलेला तो एक पदार्थ. मग आपण काय करतो, फोटोशॉपमधे फोटो उघडतो आणि सरळ इरेझर घेऊन आजूबाजूचं खोडायला सुरुवात करतो, आणि तासाभराने कळतं की बाउलचा उजवा काठ मुळात फोटोत नाहीचे, तो ग्लासमागे लपलाय. म्हणून ही तयारीची यादी. उदाहरणाला एकच फोटो धरू: पांढऱ्या बाउलमधे टोमॅटो सूप, वर क्रीमची रेघ, डावीकडून चमचा आत बुडवलेला, उजवीकडे पुढे पाण्याचा ग्लास, मागे चिकटून एक पांढरी प्लेट, आणि खाली लाल टेबलक्लॉथ. सगळ्या भानगडी एकाच फोटोत.

पहिली गोष्ट, फाइल ओरिजिनल मागून घ्या. मेसेजवर फोटो म्हणून आलेली नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, कारण चॅटमधून येताना फोटो लहान होतो, दाबला जातो आणि कडेला जे चौकोनी डाग पडतात ते कापताना नेमके काठावरच नडतात. मग बाउल स्वतः किती पिक्सेल रुंद आहे ते मोजा, अख्खा फोटो नाही, फक्त बाउल. छापील मेन्यूला साधारण ३०० पीपीआय, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणून ८ सेंटीमीटर रुंद छापायचं असेल तर ९४५ पिक्सेल पाहिजेत. फोटो ४००० पिक्सेलचा असला तरी टेबलभर सामान असेल तर बाउलच्या वाट्याला ६०० च येतात, आणि ६०० म्हणजे छपाईत जेमतेम ५ सेंटीमीटर. हे आधी मोजलं नाही तर कापाकापी सगळी फुकट, मोठं करून ताणलेलं सूप मेणासारखं दिसतं.

आता काय ठेवायचं ते ठरवा. प्लेटा काढायच्या म्हणजे दुसऱ्याच्या प्लेटा काढायच्या, पदार्थ ज्या भांड्यात आहे ते राहू द्यायचं. हे सांगायची गरज वाटणार नाही, पण बाउलसुद्धा काढून नुसता पदार्थ द्या अशी मागणी खरंच येते. सुका, घट्ट पदार्थ असेल तर जमतंही, पण सूपला आकारच बाउलमुळे आहे, तो काढला की हवेत तरंगणारा लाल डाग उरतो. रस्सा, सॉस असं काही असेल तरी तेच, पातळ कडेतून खालची प्लेट थोडी दिसत असते आणि तो भाग वेगळा कापता येत नाही.

मग फोटो मोठा करून बाउलच्या काठाभोवती नजर एक फेरी फिरवा आणि कोण कुठे आडवं येतंय ते कागदावर लिहून काढा. आपल्या फोटोत तीन जागा निघतात. डावीकडे चमच्याचा दांडा काठावरून जातो. उजवीकडे ग्लास काठ झाकतो. मागे प्लेट, ती काही झाकत नाही, पण पांढऱ्याला पांढरं लागलंय त्यामुळे कड दिसतच नाही. आणि इथे एक हिशोब आधीच करून टाका, झाकलेला भाग जर तिसऱ्या हिश्शाहून जास्त असेल किंवा क्रीमची रेघच ग्लासमागे गेली असेल तर फोटो परत काढायला सांगा, सूप पुन्हा वाढून फोटो घ्यायला दहा मिनिटं लागतात आणि तुमची दुरुस्ती अर्धा दिवस खाते.

क्रम महत्त्वाचा आहे: आधी चमचा, मग ग्लास, मग कापणं. कारण ग्लासमागचा उजवा काठ आपण डाव्या काठावरून उधार घेणार आहोत, आणि डावा काठ चमच्यासकट उधार घेतला तर उजवीकडे पण चमच्याचा तुकडा उगवतो. चमचा काढायला नवीन रिकामा लेयर घ्या, क्लोन स्टॅम्पला Sample मधे Current & Below ठेवा आणि जवळचंच सूप उचलून भरत जा, लांबचं नको, कारण सूपचा रंग बाउलच्या कडेला गडद आणि मधे उजळ असतो. दांडा गेला म्हणून लगेच खूश होऊ नका, सूपवर त्याची एक बारीक सावली पडलेली असते आणि काठाच्या चकाकीत त्याचं प्रतिबिंब असतं. या दोन गोष्टी हमखास विसरतात. मी एकदा असा फोटो पाठवला आणि समोरच्याने एवढंच विचारलं, अहो सूपमधे केस आहे का, तो केस म्हणजे न दिसणाऱ्या चमच्याची सावली होती 😅

ग्लासची गंमत वेगळी. काचेतून बाउल दिसतोय ना, मग तेवढा भाग वापरू असं वाटतं, पण पाण्यातून दिसणारा काठ वाकडा झालेला असतो, काही वेळा डावं-उजवं उलटलेलं पण असतं. तो पूर्ण सोडून द्या. डाव्या काठाचा आणि बाहेरच्या भिंतीचा तुकडा Copy Merged ने कॉपी करा, म्हणजे चमचा काढलेला लेयरही त्यात येतो, आडवा फ्लिप करा, उजवीकडे बसवा. आता उजेड तपासा. आपल्या फोटोत खिडकी डावीकडे मागे आहे, म्हणून डाव्या काठावर पांढरी चकाकी आहे, आणि फ्लिप केल्यावर ती चकाकी उजवीकडे पण आली, म्हणजे खोलीत दोन खिडक्या झाल्या. ती चकाकी क्लोनने घालवा आणि Curves ने तो तुकडा थोडा उतरवा, उजवी बाजू सावलीतली आहे. बाउलवर नक्षी किंवा अक्षरं असतील तर हा फ्लिपचा उपाय विसराच.

कापायला पेन टूल. ऑटो सिलेक्शन इथे मागची पांढरी प्लेट बाउलसकट उचलतं, त्याचा दोष नाही, आपल्यालाही ती कड दिसत नाहीये. पण आपल्याला एक माहितीये की बाउल गोल आहे, आणि गोल काठ तिरका बघितला की लंबगोल दिसतो. म्हणून Ellipse Tool ला Path वर ठेवून एक लंबगोल काढा, पुढच्या स्पष्ट काठाला जुळवा, म्हणजे मागची न दिसणारी कड आपोआप कुठे असायला हवी ते कळतं. बाउल फोटोच्या कोपऱ्यात असेल तर लेन्समुळे तो थोडा ताणलेला असतो, तेवढे पॉइंट हाताने सरकवा. भिंत आणि बुड पेनने जोडून घ्या, पॉइंट कमीत कमी ठेवा, जास्त पॉइंट म्हणजे काठाला टेंगळं. आणि रेघ खऱ्या कडेच्या एक-दोन पिक्सेल आतून न्या, अगदी कडेवर टेबलक्लॉथचा लाल रंग मिसळलेला असतो.

पाथवरून सिलेक्शन करताना फेदर ०.५ पिक्सेल, आणि मग सगळे लेयर एका ग्रुपमधे घेऊन त्या ग्रुपला लेयर मास्क, खोडायचं नाही, मास्क, कारण उद्या काठ परत लागला तर मास्कवर पांढऱ्या ब्रशने परत आणता येतो. एवढं करूनही कटआउट कात्रीने कापून चिकटवल्यासारखं दिसतं, त्याचं कारण बहुतेक वेळा मागचा काठ असतो. जवळून काढलेल्या फोटोत पुढचा काठ फोकसमधे आणि मागचा धूसर असतो, आणि आपण दोन्हीला सारखीच धारदार कड देतो. मास्क निवडून Blur Tool ने फक्त मागची कड मऊ करा, तीन-चार पिक्सेल विरघळेल एवढी, फोटोतला धूसरपणा बघून.

आता लाल टेबलक्लॉथ. तो काढलात तरी त्याचा रंग बाउलच्या खालच्या भिंतीवर गुलाबी झाक म्हणून राहतो, आणि पांढऱ्या मेन्यूवर ते बाउल मळकं वाटतं. Hue/Saturation चा ॲडजस्टमेंट लेयर बाउललाच क्लिप करा, Reds निवडून सॅच्युरेशन खाली आणा, पण आधी त्याचा मास्क पूर्ण काळा करून फक्त भिंतीवर पांढरा ब्रश फिरवा. नाहीतर सूप पण रेड्समधेच येतं, आणि टोमॅटो सूपचं पिठलं होतं. झाक शंभर टक्के काढू नका, थोडी राहू द्या, पूर्ण राखाडी भिंत पण खोटी दिसते.

वाफ असेल तर सोडून द्या, ती मागच्या प्लेटच्या रंगासकट येते, कापली की धुरकट फडकं दिसतं.

सावली. टेबल गेलं की सावली गेली आणि बाउल हवेत. दोन सावल्या वेगवेगळ्या लेयरवर करा, दोन्ही Multiply. एक बुडाला चिकटून, बारीक आणि गडद, जवळजवळ न पसरलेली, हीच बाउलला जमिनीवर टेकवते. दुसरी मोठी, फिकट, भरपूर ब्लर केलेली, उजेड डावीकडून मागून आहे म्हणून ती उजवीकडे पुढे सरकवायची. काळ्याऐवजी मेन्यूच्या पार्श्वभूमीचाच गडद रंग घ्या. मेन्यूवर बाकीचे पदार्थ पण येणार असतील तर त्यांचा उजेड आणि कॅमेऱ्याचा कोन कुठला आहे हे आत्ताच विचारा, कारण वरून काढलेल्या प्लेटांच्या रांगेत तिरका बाउल ठेवला तर तो घरंगळतोय असं वाटतं आणि त्याला कुठलीही सावली वाचवत नाही.

शेवटी खाली तीन रंगाचे लेयर ठेवा, पांढरा, काळा आणि मेन्यूचा खरा रंग, आणि एकेक चालू करून १०० टक्के झूमवर कड बघा. काळ्यावर पांढरी किनार दिसते, ती मागच्या प्लेटची. पांढऱ्यावर लाल किनार दिसते, ती कापडाची. जिथे दिसेल तिथे मास्क एखादा पिक्सेल आत घ्या. लेयरवाली फाइल स्वतःकडे ठेवा, मेन्यूवाल्याला पीएनजी द्या, जेपीईजीत पारदर्शक भाग टिकत नाही, तो पांढरा भरून येतो आणि मग फोन येतो की बाउलच्या मागे चौकोन का दिसतोय. सावली पीएनजीत बाउलसोबत द्यायची की वेगळी, तेही फोनवर आधीच विचारून घ्या, काहीजण स्वतःची सावली टाकतात आणि मग बाउलला दोन होतात.