‘वरून पैसे आले की देऊ’ लिहिण्याआधी: बॅक-टू-बॅक उपकंत्राटाची तयारी

बॅक-टू-बॅक उपकंत्राट म्हणजे मुख्य कंत्राटाच्या अटी खाली उपकंत्राटदारावर उतरवणारा करार. त्याच्या मसुद्याला हात घालण्याआधी मुख्य कंत्राटाची पूर्ण प्रत शुद्धिपत्रकांसह समोर घ्या आणि दर झाकून तीच प्रत उपकंत्राटदारालाही द्या. न वाचलेल्या अटी त्याच्यावर लादल्या की पुढे तंटा ठरलेला. ‘मुख्य कंत्राटाच्या सर्व अटी लागू’ या एका ओळीवर काम भागत नाही. एम. आर. इंजिनिअर्स विरुद्ध सोम दत्त बिल्डर्स या २००९ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की अशा मोघम उल्लेखाने मुख्य कंत्राटातले लवादाचे कलम उपकंत्राटात येत नाही. ते कलम वेगळे लिहा.

मग एकेक अट तपासा: जशीच्या तशी खाली द्यायची, बदलून द्यायची की वगळायची. समजा, पुलाचे कंत्राट ५० कोटींचे आहे, त्यातले पायलिंग ४ कोटींना दिले आहे आणि विलंबाचा दंड आठवड्याला अर्धा टक्का, कमाल १० टक्के आहे. दंडाची अट तशीच उतरवली आणि ‘कंत्राट किंमत’ म्हणजे मुख्य कंत्राटाची किंमत असा अर्थ निघाला, तर कमाल दंड ५ कोटी होतो, म्हणजे पायलिंगच्या पूर्ण रकमेपेक्षा जास्त. म्हणून दंडाचा आधार उपकंत्राटाची किंमत, असे स्पष्ट लिहा. मुदती मात्र आखूड करा. दाव्याची सूचना मालकाला २८ दिवसांत द्यायची असेल, तर उपकंत्राटदाराकडून ती १४ दिवसांत यावी. दोन्हीकडे २८ ठेवले तर शेवटच्या दिवशी आलेली सूचना वर पोचवायला वेळच उरत नाही.

पैशांच्या कलमावर सर्वाधिक वेळ द्या. ‘मालकाकडून मिळाल्यावर’ ही फक्त देण्याची वेळ आहे की देण्याची अट, हे लिहिलेच पाहिजे. आमच्या मते ती वेळच असावी. पैसे आल्यापासून ७ दिवसांत द्यायचे. आलेच नाहीत, तरी बिल प्रमाणित झाल्यापासून, समजा, ६० दिवसांनी द्यायचेच. मुख्य कंत्राटदाराने बिल उशिरा पाठवले किंवा त्याच्याच दुसऱ्या कामातल्या दोषामुळे मालकाने रक्कम अडवली, तर ‘वरून आले नाहीत’ ही सबब चालणार नाही, हेही लिहा. मालकाने बिलाचा काही भागच दिला, तर त्यातले पायलिंगचे किती हे मोजमापावरून ठरवायची रीत हवी. पैसे आल्याचे कळवणे बंधनकारक नसेल, तर उपकंत्राटदाराला ७ दिवस कधी सुरू झाले हे कळायला मार्गच राहत नाही.

शेवटी उपकंत्राटदाराची उद्यम नोंदणी पाहा. सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे माल वा सेवा स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, महिन्याच्या हिशेबाने चक्रवाढ व्याज लागते. तिथे ६० दिवसांची मुदत टिकत नाही. श्रम आणि साहित्य एकत्र असलेल्या कामाच्या कंत्राटाला हा कायदा लागतो का, यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. त्यामुळे नोंदणी असलेल्या उपकंत्राटदारासाठी मसुद्यात ४५ दिवसांचीच मुदत धरा आणि तेवढ्या रकमेची तजवीज आधी करा.