अनोळखी मदतनिसाचे आभार मानताना एक खूण राखून ठेवा

अपघातात धावून आलेल्या अनोळखी माणसाचे जाहीर आभार मानताना आपण कृतज्ञतेच्या भरात त्याची ओळखच उघड करून बसतो. माझ्या पहिल्या मसुद्यात ‘मंगळवारी रात्री साडेनऊला मांजरसुंबा घाटाखाली पांढऱ्या जीपमधून ऊसतोड मजूर नेणारे मुकादम’ असे लिहिले होते. नाव नव्हते, पण वार, वेळ, ठिकाण, गाडी आणि व्यवसाय एकत्र आल्यावर बीड जिल्ह्यात माणूस ओळखायला चहाच्या टपरीवरची एक चौकशी पुरते.

म्हणून ओळख पटवणारे तपशील सैल केले आणि त्याने नेमके काय केले, तेवढेच ठळक ठेवले: ‘गेल्या महिन्यात बीड जिल्ह्यातील एका रस्त्यावर माझ्या वडिलांचा अपघात झाला, तेव्हा आपण स्वतःची गाडी थांबवून त्यांना दवाखान्यात पोचवले आणि आम्ही येईपर्यंत तिथेच थांबलात.’

एक तपशील मात्र मुद्दाम लिहिला नाही. त्यांनी जखमेवर काय बांधले होते, हे त्यांना आणि आम्हालाच ठाऊक आहे. ‘तो मीच’ असे सांगत कोणी पुढे आला, तर पहिला प्रश्न तोच विचारायचा.

सावधगिरी एकच: दवाखान्यातील केसपेपरचे किंवा मागे गाडीचा क्रमांक दिसणारे छायाचित्र जोडू नये. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती पोलीससुद्धा करू शकत नाहीत. मग आपण ते परस्पर का उघड करावे?