भांडणात माझं काय चुकलं? मैत्रिणीला विचारताना या चुका टाळा

"माझं काही चुकलं का गं?" हा प्रश्न बहुतेक वेळा सगळी हकिगत सांगून झाल्यावर येतो, आणि तोवर उत्तर ठरून गेलेलं असतं. आवाज चढलेला, डोळे भरलेले, अर्धा तास समोरच्याच्या चुकांचा पाढा वाचून झालेला. अशा वेळी "हो, चुकलं" म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर या मानसशास्त्रज्ञांनी १९७० साली याच संकोचाबद्दल लिहिलं होतं. चांगली बातमी माणसं चटकन पोचवतात. वाईट बातमी ज्याची त्याला सांगायची वेळ आली की आखडता हात घेतात. मैत्रीण खोटारडी नसते, तिला तुम्हाला दुखवायचं नसतं एवढंच. म्हणून खरं उत्तर हवं असेल तर ते देण्यासारखी परिस्थिती आपणच तयार करावी लागते.

एक गोष्ट आधीच सांगते. घरात मारहाण, धमक्या किंवा सततची दहशत असेल तर "माझं काय चुकलं" हा प्रश्नच बाजूला ठेवा. तिथे पहिली गरज सुरक्षिततेची आणि मदतीची असते. इथे जे लिहिते आहे ते दोन बरोबरीच्या माणसांच्या भांडणाबद्दल.

हकिगत सांगतानाच निकाल देऊन टाकणं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती आपल्या लक्षातही येत नाही.

एक उदाहरण घेऊ. बहीण-भावाचं आईच्या तपासणीवरून वाजलं. बहिणीने गुरुवारची वेळ ठरवली, घरच्यांच्या ग्रुपवर टाकली, भाऊ चिडला, फोनवर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. दुसऱ्या दिवशी तिने मैत्रिणीला सांगितलं ते असं: "त्याला आईचं काही पडलेलंच नाही. गेले कित्येक महिने सगळं मीच बघते. परवा साधी तारीख कळवली तर अंगावर आला. मग माझाही आवाज चढला. तूच सांग, माझं काय चुकलं?"

यात भावाची वागणूक कित्येक महिने मागे जाते. तिची स्वतःची मात्र चार शब्दांत आटोपते: "मग माझाही आवाज चढला." मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली लोकांना दोन प्रसंग लिहायला सांगितले होते, एक कुणीतरी त्यांना चीड आणल्याचा आणि दुसरा त्यांनी कुणालातरी चीड आणल्याचा. लिहिणारी माणसं तीच, पण हकिगतींचा घाट वेगळा. दुखावलेल्याच्या भूमिकेतून लिहिलेल्या हकिगतीत जुना इतिहास येतो, परिणाम अजून भोगत असल्याचं येतं. दुखावणाऱ्याच्या भूमिकेतून लिहिताना मात्र तोच प्रकार सुटा, कारण असलेला आणि केव्हाच संपलेला वाटतो.

यावरून स्वतःची परीक्षा घेता येते. सांगण्याआधी हकिगत मनात एकदा म्हणा आणि बघा, आपल्या वाट्याचं कुठलं वाक्य गुंडाळलंय. "मग मीही बोलले", "थोडं जास्त झालं माझं", "मीही ऐकवलं". बहुतेकदा खरी गोष्ट तिथेच दडलेली असते. ते वाक्य उलगडून, जसं बोललो तसं सांगायचं.

बहिणीने पुढे तेच केलं. ग्रुपवरचा तिचा मेसेज होता: "गुरुवारी दहाला आईला घेऊन जायचंय. ज्यांना वेळ असेल त्यांनी यावं." भावाने लिहिलं, "मला आधी विचारायचं तरी." फोनवर ती म्हणाली होती, "तुला आई कधी आठवते?" एवढं शब्दशः ऐकल्यावर मैत्रिणीला बोलायला जागा मिळाली. तोवर तिला फक्त सहानुभूती दाखवता येत होती.

लेखी बोलणं झालं असेल तर आपल्या बाजूचं जसंच्या तसं वाचून दाखवावं, मधले आपले मेसेज न गाळता. समोरच्याचे खासगी मेसेज मात्र सरसकट पुढे पाठवू नयेत. त्याने ते आपल्याला लिहिले होते, आपल्या मैत्रिणीला नाही.

"हो की नाही" असा प्रश्न विचारणं

"माझं चुकलं का?" या प्रश्नाला दोनच उत्तरं आहेत आणि त्यातलं एक देणं कठीण आहे. त्यापेक्षा चूक आहे हे धरून चालून ती कुठे आहे ते विचारा: "त्याची बाजू आत्ता बाजूला ठेव. माझ्या बोलण्यातलं कुठलं वाक्य तुला खटकलं?" किंवा, "तू त्याच्या जागी असतीस तर नेमकी कुठे चिडली असतीस?" दुसरा प्रश्न मला जास्त आवडतो. त्यात मैत्रिणीला तुमच्यावर ठपका ठेवावा लागत नाही, ती भावाच्या वतीने बोलते आणि त्यामुळे मोकळेपणाने बोलते.

आणि विचारण्याआधी स्वतःला खरंखरं विचारा, आत्ता सल्ला हवाय की खांदा हवाय? नुसतं मन मोकळं करायचं असेल तर तसं सांगा, त्यात काहीच गैर नाही. खरं मत दुसऱ्या दिवशी मागता येतं. राग ताजा असताना मत मागितलं की आपण ते ऐकत नाही, आणि मैत्रिणीची पंचाईत होते ती वेगळीच.

चुकीच्या माणसाला विचारणं

दोघांचीही जवळची असलेली व्यक्ती टाळा. तिला तुमच्याशी आणि त्याच्याशी, दोघांशीही उद्या बोलायचं असतं. जी नेहमीच तुमची री ओढते तिलाही नको. जिने पूर्वी कधीतरी तुम्हाला न आवडणारं काही तोंडावर सांगितलं आणि तरी नातं टिकलं, ती माणूस बरी.

एकीला विचारून मनासारखं उत्तर आलं नाही म्हणून दुसरीकडे, मग तिसरीकडे जाणं म्हणजे साक्षीदार गोळा करणं. त्यात भांडण चार घरं फिरून येतं आणि एक दिवस भावाच्याही कानावर पडतं.

उत्तर आल्यावर पहिल्याच वाक्यात "पण" म्हणणं

बहिणीला उत्तर मिळालं ते असं: "तारीख परस्पर ठरवलीस ते एक वेळ चालेल, घाई असेल. पण 'ज्यांना वेळ असेल त्यांनी' हा सगळ्यांसमोर मारलेला टोमणा होता. आणि 'तुला आई कधी आठवते' हे तर त्याला लागणारच होतं. मला कुणी असं म्हटलं असतं तर मी फोन ठेवला असता."

ती लगेच म्हणाली, "पण तू बघितलं नाहीयेस तो किती टाळतो ते!" मैत्रीण जरा थांबली आणि म्हणाली, "हो, तेही खरंय. तूच करतेस सगळं."

ही खूण ओळखायला शिका. समोरची एकदम मवाळ झाली, "तेही खरंय", "मला काय पूर्ण माहीत नाही म्हणा" असं बोलू लागली, की समजावं, तिने माघार घेतली. तिचं मत बदललेलं नसतं, तिने ते सांगणं सोडून दिलेलं असतं.

असं झालं तर सावरता येतं, आणि लगेच सावरावं. बहीण म्हणाली, "थांब, मी बचाव करायला लागले. तू ते टोमण्याचं म्हणत होतीस, ते परत सांग." एवढ्याने मैत्रिणीला कळलं की खरं बोलायला हरकत नाही.

पुढचं सोपं आहे, पण सवय लागते. ती बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. झाल्यावर तिचं म्हणणं आपल्या शब्दांत एकदा म्हणून दाखवायचं: "म्हणजे तारखेपेक्षा चारचौघांत बोलल्याचं त्याला जास्त लागलं असेल, असं तुझं म्हणणं." चुकीचं समजलो असू तर ती दुरुस्त करते. मग हवा तर एखादा प्रश्न, तोही समजून घेण्यासाठी: "ते आधीच्या मेसेजपासूनच वाटत होतं का?" "असं कसं म्हणतेस तू?" हा प्रश्न नव्हे, उलटतपासणी आहे. आणि आभार मानायचे. तिथल्या तिथे पटलंच पाहिजे असं नाही. "मला यावर विचार करू दे" हे पूर्ण उत्तर आहे.

"पण"च्या उलट टोकाची चूकही तितकीच नडते. "मीच वाईट आहे, मला माणसं सांभाळता येत नाहीत" असं म्हणून रडायला लागलं की मैत्रिणीला सगळं सोडून समजूत काढावी लागते, आणि पुढच्या वेळी ती खरं बोलणार नाही. तिने दोन वाक्यांबद्दल सांगितलंय, तुमच्या स्वभावाबद्दल नाही. ते दोन वाक्यांपुरतंच घ्या.

तिचं मत हत्यार म्हणून वापरणं

"माझी मैत्रीणसुद्धा म्हणाली की तू जबाबदारी टाळतोस" हे वाक्य भावाला कधीही ऐकवू नये. तिने एकच बाजू ऐकलीय, आणि तीही विश्वासाने. शिवाय तिने आपल्याबद्दल जे सांगितलं ते गाळून त्याच्याबद्दलचं तेवढं पुढे नेणं हा तिच्यावर अन्याय आहे. पुढे कधी तिचं-तुमचं वाजलं तर "तेव्हा तू मला असं म्हणाली होतीस" हेही काढू नये.

मत पटलं नाही तर

मैत्रिणीचंही चुकू शकतं. ती प्रसंगात नव्हती, भावाची बाजू तिने ऐकलेली नाही, आणि तिच्या स्वतःच्या घरातल्या अनुभवाची छायाही मतावर पडते. दोन-तीन दिवस जाऊ द्या. राग उतरल्यावरही पटलं नाही तर सोडून द्या, तिच्याशी वाद घालत बसू नका. एक बघा मात्र: जो भाग ऐकून सगळ्यात जास्त चिडचिड झाली, तो टाकून देण्याआधी पुन्हा एकदा तपासा. बहिणीला परस्पर ठरवलेल्या तारखेचं काहीच वाटलं नव्हतं, चिडली ती टोमण्यावर.

तिने भावाला मेसेज केला, ग्रुपवर नाही, त्याच्या नंबरवर: "ग्रुपवर तसं लिहायला नको होतं, आणि 'आई कधी आठवते' हेही बोलायला नको होतं. माझी दमछाक होतेय हे खरं आहे, त्याबद्दल बोलायचंय, पण ते वेगळं. गुरुवार जमत नसेल तर दुसरा दिवस सांग." माफी आणि तक्रार तिने वेगवेगळी ठेवली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. "माझं चुकलं, पण तूही" असं एका दमात लिहिलं असतं तर भावाने फक्त उत्तरार्ध वाचला असता.

आणि मैत्रिणीला कळवायला विसरू नका. आठवड्याभराने "तू सांगितलंस त्यावर मी हे केलं" एवढं सांगितलं तरी पुरे, भाऊ काय म्हणाला ते सविस्तर सांगायची गरज नाही. आपलं बोलणं लागलं तर नाही ना, ही धाकधूक तिलाही असते.