सुरीची मूठ हलतेय? एपॉक्सीच्या आधी फट साफ करा

रिव्हेट घट्ट असूनही मुठीची लाकडी पट्टी पोलादापासून सुटली, तर फटीत तेल आणि पाणी मुरलेलं असतं. त्यावर एपॉक्सी धरतच नाही, म्हणून खरी मेहनत इथेच घ्या. पात्यावर जाड टेप गुंडाळा. फट साबणाने धुवा, दोन दिवस वाळवा, मग दुमडलेला सँडपेपर आत फिरवून ॲसिटोनने पुसा.

पाच मिनिटांत सुकणारं नको, सावकाश सुकणारं एपॉक्सी घ्या. राळ आणि हार्डनर पाकिटावरच्या प्रमाणातच मिसळा. हेअर ड्रायरने मूठ कोमट केली की मिश्रण पातळ होऊन खोल उतरतं. शिकंजा हलकाच आवळा. जास्त दाबलं तर सगळं बाहेर येतं. ओघळ लगेच पुसा, 24 तास हलवू नका. रिव्हेटच सैल असेल तर तो बदलावाच लागेल.