मंजूर तीन लाख, खात्यात दोन चौऱ्याऐंशी: पर्सनल लोन घेताना या चुका टाळा

जळगावात कर्जाच्या टेबलावर बसलो तेव्हापासून एकच प्रश्न ऐकतोय: "भो, पैसा कमी काबर उनात?" विचारणाऱ्याच्या मोबाइलवर मंजुरीचा मेसेज असतो आणि त्याखाली त्याहून कमी रकमेचा जमा मेसेज. कागद वाचायला मात्र कुणाला वेळ नसतो. "साहेब, सही कुठे करायची तेवढं सांगा" म्हणणारे मला सगळ्यात जास्त धास्तावतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मंजूर रकमेवर व्यवहार ठरवून मोकळं होणं. भुसावळचे एक रेल्वे कर्मचारी मुलीच्या प्रवेशाचे तीन लाख भरायचे म्हणून नेमकं तीन लाखांचंच कर्ज घेऊन बसले. कॉलेजची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी, आणि खात्यात आले २,८४,०७०. हिशेब असा होता. प्रोसेसिंग फी दोन टक्के, म्हणजे ६,०००. त्या फीवर १८ टक्के जीएसटी, १,०८०. आणि कर्जाच्या विम्याचा एकरकमी हप्ता करासकट ८,८५०. एकूण कपात १५,९३०. ती भरून काढायला त्यांनी बायकोची चेन सराफाकडे ठेवली. इथे सोन्याला तोटा नाही म्हणून निभावलं.

वर सांगत होते, "सरकारनं तीन लाखांवर अठरा टक्के कापले." तसं असतं तर चोपन्न हजार गेले असते. जीएसटी फक्त फीवर लागतो, मुद्दलावर नाही, व्याजावरही नाही.

खरी कळ पुढे आहे. हप्ता पूर्ण तीन लाखांवरच बसतो. १४ टक्क्यांनी ३६ महिने, म्हणजे महिन्याला साधारण १०,२५३. हातात २,८४,०७० घेऊन हाच हप्ता फेडायचा, तर तुम्हाला प्रत्यक्षात पडणारा वार्षिक दर १७.९ टक्क्यांच्या आसपास जातो. याला एपीआर म्हणतात. दोन ठिकाणची कर्जं ताडून पाहायची तर याच आकड्यावर. जाहिरातीतला १४ टक्के माझ्या लेखी भिंतीवर चिकटवायचा कागद.

नेमके तीन लाख हातात हवे असतील तर काय करायचं? लोक दोन टक्के वाढवून ३,०६,००० मागतात. त्यावर फी ६,१२० आणि कर ११०१.६०, विमा नको म्हटला तरी हातात २,९८,७७८ च येतात. म्हणून मी फी आणि कर मिळून २.३६ टक्के धरतो आणि तीन लाखांना ०.९७६४ ने भागतो. उत्तर येतं ३,०७,२५१. मी ३,०७,५०० चा अर्ज करायला सांगतो. फीचा दर प्रत्येकाचा वेगळा, तेव्हा भागाकाराआधी तो विचारा.

दुसरी चूक विम्याची, आणि इथे माझा पारा चढतो. पर्सनल लोनला विमा घेणं कायद्यानं सक्तीचं नाही. पण अर्जात तो बऱ्याचदा आधीच टिक केलेला असतो, आणि माणूस ओटीपी देऊन टाकतो. घाईत दिलेला ओटीपी म्हणजे सहीच हे आजही अनेकांना पटत नाही. घरात एकटे कमावते असाल आणि दुसरा विमा नसेल तर जरूर घ्या, पण रक्कम बघून घ्या. नको होता आणि गळ्यात पडला, तर पॉलिसीचा कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. अर्ज विमा कंपनीकडे लेखी करायचा आणि पोच ठेवायची. पैसे थोडी कपात होऊन परत येतात. ते बहुधा कर्जखात्यातच जमा होतात. फी मात्र सहसा परत मिळत नाही.

पहिल्या हप्त्याआधीच्या दिवसांचं व्याज आणि स्टॅम्प ड्यूटीही कधी कधी मंजूर रकमेतूनच जाते.

आणि कुणी "आधी फी पाठवा, मग कर्ज सोडतो" म्हणून वैयक्तिक यूपीआय दिला, तर फोन ठेवा.

माझी सवय एकच: सहीआधी की फॅक्ट स्टेटमेंट मागून घ्यायचं. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांना ते देणं रिझर्व्ह बँकेनं बंधनकारक केलंय, तेही कर्जदाराला समजेल त्या भाषेत. फी, विमा, एपीआर, सगळं त्यात असतं. सात दिवस किंवा जास्त मुदतीच्या कर्जाला त्या अटी किमान तीन कामाचे दिवस खुल्या ठेवाव्या लागतात, म्हणजे "आजच सही करा, ऑफर संपतेय" ही घाई त्यांची, तुमची नाही. त्यात नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय कापता येत नाही. कापलंच तर आधी त्या बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. सोबत ते स्टेटमेंट आणि जमा झालेल्या रकमेची खातेनोंद जोडा.