दवाखान्यातून फाईल मागताना या चुका टाळा

कागलजवळच्या माझ्या मावसभावाने गेल्या वर्षी आईला कोल्हापुरातल्या एका खासगी दवाखान्यात पाच दिवस ठेवलं होतं. बिल रोख भरलं आणि विम्याचा क्लेम नंतर टाकला. महिन्याभराने कंपनीचं पत्र आलं: इनडोअर केस पेपर पाठवा, मुदत १५ दिवस. त्यानंतर हा गडी तीनदा मोटारसायकलवरून कोल्हापूरला गेला. पहिल्यांदा रेकॉर्ड रूमचा माणूस रजेवर होता, दुसऱ्यांदा सर ऑपरेशनमध्ये होते, तिसऱ्यांदा “डिस्चार्ज कार्ड दिलंय की, अजून काय पाहिजे?” असं ऐकून परत आला.

पहिली चूक म्हणजे तोंडी मागणं. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेत स्पष्ट आहे की रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने कागद मागितले, तर मागणीची पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे. २०२३ मध्ये नवे नियम निघाले होते, पण त्याच ऑगस्टमध्ये ते स्थगित झाले, त्यामुळे जुनेच चालतात. पण मागितल्याचा पुरावाच नसेल तर ७२ तास मोजायचे कुठून? भावाच्या तीन फेऱ्यांची कुठेच नोंद नव्हती.

दुसरी चूक, ‘फाईल द्या’ एवढंच म्हणणं. काउंटरवरच्या माणसाच्या लेखी फाईल म्हणजे डिस्चार्ज कार्ड आणि रिपोर्ट. इनडोअर केस पेपर वेगळे: दाखल करतानाची नोंद, डॉक्टरांच्या रोजच्या राउंडच्या नोंदी, नर्सिंग चार्ट, औषधांचा तक्ता, संमतीपत्रं. विमा कंपनीला हेच हवे असतात. बिलाचंही तसंच. ‘रूम व इतर’ अशी एकच रक्कम लिहिलेला कागद कामाचा नाही. बाबवार बिल, औषधांची बिलं आणि आगाऊ भरलेल्या पैशांच्या पावत्या अशी नावं घेऊन मागायची.

मग आम्ही साध्या कागदावर अर्ज केला. मजकूर एवढाच:

“माझी आई, आंतररुग्ण क्रमांक अमुक, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत आपल्याकडे दाखल होती. तिचे संपूर्ण इनडोअर केस पेपर, डिस्चार्ज समरी व बाबवार बिल यांच्या प्रती ७२ तासांत मिळाव्यात. झेरॉक्सचा खर्च देण्यास तयार आहे. सोबत आईचे अधिकारपत्र व दोघांच्या आधारची प्रत.”

अधिकारपत्र विसरू नका. रुग्ण शुद्धीत असेल तर त्याची सही लागतेच. मुलगा असलात तरी तेवढ्यावर चालत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, वेळ घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पोचल्याचा पुरावा ठेवा. आमचा सोमवारी सकाळी साडेअकराला घेतला गेला आणि बुधवारी दुपारी फोन आला. ६४ पानं, पानाला २ रुपये, १२८ रुपये झाले.

“साहेबांनी आधी बाकी भरा सांगितलंय” असं कुणाला ऐकवलं जातं. २००२ च्या त्या नियमात थकबाकीची अट नाही. कागद गोपनीय आहेत हे कारणही रुग्णासमोर टिकत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच ते मोडीत काढलंय. तरीही नाही मिळाले तर डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आणि शहरातल्या दवाखान्याविरुद्ध महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे पोचेची प्रत जोडून तक्रार करता येते. सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात माहिती अधिकाराचा अर्जही चालतो. उशीर मात्र नको, कारण आंतररुग्णाचे कागद तीन वर्षंच जपायचं बंधन आहे आणि ती उपचार सुरू झाल्यापासून मोजतात.

तिसरी चूक सगळ्यात महागात पडते: मिळालेले कागद न वाचता कंपनीला पाठवणं. ६४ पानांतल्या दुसऱ्याच पानावर, दाखल करतानाच्या नोंदीत, रक्तदाब ‘१० वर्षे’ लिहिला होता. मावशीच्या गोळ्या सुरू होऊन दहा महिने झाले होते आणि पॉलिसी दोन वर्षांची. दहा वर्षं धरली तर आजार लपवला म्हणून क्लेम गेला असता. नोंद रात्री दीड वाजता निवासी डॉक्टरने घेतलेली, कुणीतरी ‘दहा’ एवढंच म्हटलं असणार.

इथे भाऊ म्हणाला, “ते खोडून महिने करून द्या म्हणूया की.” तसलं अजिबात करायचं नाही. खाडाखोड केलेलं पान संशय वाढवतं आणि डॉक्टरही अडचणीत येतात. आम्ही गोळ्या पहिल्यांदा लिहून दिलेली बाह्यरुग्ण चिठ्ठी शोधली, ती घेऊन उपचार करणाऱ्या डॉक्टरांना भेटलो. त्यांनी लेटरहेडवर खुलासा दिला, सही, तारीख आणि नोंदणी क्रमांकासह. मूळ पान जसंच्या तसं राहिलं, त्यामागे खुलासा आणि चिठ्ठी लावली, सगळ्याची एक झेरॉक्स घरी ठेवली आणि चौदाव्या दिवशी पाकीट पाठवलं.