मोखाड्याचा दौरा: खर्चाचा अंदाज मांडण्याआधीची तयारी

अंदाजपत्रकाचा तक्ता उघडण्याआधी एका साध्या कागदावर तीन आकडे लिहा: माणसं किती, दिवस किती आणि रात्री किती. उदाहरणासाठी आमच्या दादरच्या ऑफिसातून मोखाडा तालुक्यातल्या पाड्यांवर जाणारा दौरा घेऊ. सोमवारी पहाटे निघायचं, बुधवारी दुपारी चारपर्यंत परत. माणसं तीन, त्यांत एक बाई. म्हणजे दिवस तीन, पण रात्री दोनच. हे वाचायला सोपं वाटतं, तरी पहिल्या वर्षी मी स्वतः मुक्कामाला तीन रात्री धरल्या होत्या. मुक्कामाच्या सदरात पैसे उरले, गाडीच्या सदरात कमी पडले, आणि देणगीदाराच्या लेखी परवानगीशिवाय एका सदरातले पैसे दुसऱ्यात वळवता येत नव्हते.

आता दरांचा तक्ता करा. दराशेजारी तो कशाचा दर आहे, हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही तुमचे भरा.

| बाब | दर | कशाला लागू |
|---|---|---|
| प्रवास, जाऊन-येऊन | ४०० रु. | दर माणशी |
| घर ते स्टेशन | १५० रु. | दर माणशी, दर फेरी |
| दैनिक भत्ता | ३५० रु. | दर माणशी, दर दिवशी |
| मुक्काम | ९०० रु. | दर खोली, दर रात्री |
| स्थानिक गाडी | २,५०० रु. | दर दिवशी, ८० किमीपर्यंत. पुढे १४ रु. किमी |

तिसरा रकाना भरला की सगळे दर एकत्र करून तीन माणसं गुणिले तीन दिवस करण्याचा मोह आपोआप सुटतो. तसं केलं असतं तर नुसता मुक्कामच ८,१०० रुपये झाला असता. खरा हिशेब खोल्यांचा: दोन पुरुषांना एक, बाईंना स्वतंत्र एक, दोन रात्री, म्हणजे ३,६०० रुपये. बाईंची वेगळी खोली सुरुवातीलाच धरा, तिथे काटकसर करू नका.

प्रवास म्हणजे कसाऱ्यापर्यंत लोकल आणि पुढे खोडाळ्यामार्गे एसटी किंवा काळी-पिवळी. तिघांचे १,२०० रुपये. घर ते स्टेशनचं भाडं मात्र बहुतेकांच्या यादीतून गळतं. मुंबईत रात्री बारा ते पहाटे पाच रिक्षा-टॅक्सीचं भाडं सव्वापट असतं, आणि कसाऱ्याची लवकरची गाडी पकडणारा माणूस नेमका त्याच वेळी घराबाहेर पडतो. तिघांच्या दोन-दोन फेऱ्या, ९०० रुपये.

भत्त्याचा नियम आधी लिहून काढा. आमच्याकडे दुपारी बाराच्या आत निघालं तर पूर्ण दिवस, संध्याकाळी सहाच्या आत परतलं तर अर्धा. म्हणून प्रत्येकी अडीच दिवस, तिघांचे २,६२५ रुपये. मुक्कामाच्या दरात जेवण येतं का, हेही फोनवर विचारून घ्या. येत असेल तर भत्ता तेवढा कमी करा, नाहीतर त्याच जेवणाचे पैसे दोनदा लागतात.

सगळ्यात जास्त वेळ गाडीला द्या. सोमवारी आणि बुधवारी अर्धा-अर्धा दिवस आणि मंगळवारी पूर्ण, असे दोन दिवस धरले. अर्ध्या दिवसाला निम्मे पैसे चालतील का, हे गाडीवाल्याकडून आधीच कबूल करून घ्या. मंगळवारचं पाड्यांमधलं अंतर आम्ही नकाशावर ८५ किमी मोजलं, म्हणजे जादा फक्त पाच. पण गाडीवाला किलोमीटर स्वतःच्या दारापासून दारापर्यंत मोजतो. ती रिकामी जा-ये ३५ किमी निघाली, एकूण १२०. जादा ७० रुपयांच्या जागी ५६० झाले, आणि गाडीचे मिळून ५,५६०. ठरवताना एवढंच विचारा: मीटर कुठून सुरू, चालकाचं जेवण कोणाकडे? पावसाळ्यात पाड्यावरच्या कच्च्या वाटेने गाडी जाईल का, हे गावातल्या माणसाला विचारा. जात नसेल तर लांबचा रस्ता धरून किलोमीटर पुन्हा मोजा.

बेरीज १३,८८५. त्यावर पाच टक्के, ६९४ रुपये, आकस्मिक खर्चासाठी वेगळ्या ओळीत ठेवा, दरांमध्ये लपवू नका. एकूण १४,५७९.

निघताना पिशवीत कोरी व्हाउचर आणि एक रुपयाची दोन-चार महसूल तिकिटं टाका. काळी-पिवळीवाला पावती देत नाही, तेव्हा कुठून कुठे, किती वाजता, किती रुपये, हे त्याच दिवशी व्हाउचरवर लिहून सही करा. गाडीवाल्याची पावती पाच हजारांच्या वर जाते, म्हणून तिच्यावर महसूल तिकीट लावून त्यावरच त्याची सही घ्या. ही सही मोखाड्यातच घ्या, कारण ती राहिली तर तेवढ्यासाठी पुन्हा दौरा काढावा लागतो.